भाकरीच्या आधीची दहा मिनिटं

विमा पॉलिसीसाठी रक्त दिलं नसतं तर मला काही कळलंच नसतं. फेब्रुवारीचा शेवट होता, ऑफिसात मार्च एंडची गडबड सुरू झालेली. सोलापूरच्या नवी पेठेत एका कर सल्लागाराकडे मी गेली एकोणीस वर्षं हिशेब बघतोय. सकाळी दहाला खुर्चीत बसलो की रात्री साडेआठला उठायचं, मधे उठायचं ते चहाला. त्यात रिपोर्ट हातात आला. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारं एचबीए१सी ६.१, उपाशीपोटी साखर ११२. वय ४७, वजन ७८, उंची पाच फूट सहा.

डॉक्टर मॅडमनी कागद बघितला आणि सरळ सांगितलं, "५.७ च्या आत असता तर मी तुम्हाला घरी पाठवलं असतं. ६.५ झालं असतं तर मधुमेह म्हणाले असते. तुम्ही मधे आहात." गोळी लगेच नको म्हणाल्या. तीन गोष्टी सांगितल्या. जेवताना आधी भाजी-उसळ खायची आणि भाकरी-भात शेवटी. जेवून झाल्यावर पंधरा मिनिटं चालायचं. आणि पाच किलो वजन उतरवायचं. तिसरी गोष्ट ऐकून मी मान हलवली, ती सगळेच हलवतात. पहिली मात्र डोक्यात अडकली, कारण ती ऐकायला फार सोपी वाटली. काही सोडायचं नाही, फक्त क्रम बदलायचा.

घरी येऊन ताटावर बसलो तेव्हा कळलं की हे सोपं नाही. आपल्याकडे भाजी हा वेगळा खायचा पदार्थ नसतोच. भाजी भाकरीला लावून खायची असते. उसळीत भाकरी कुस्करायची, वर कच्चं तेल, बाजूला शेंगाचटणी आणि फोडलेला कांदा. नुसती मेथीची भाजी चमच्यानं खायची म्हटल्यावर आई बघतच राहिली. "आरं, भाकरीबिगर भाजी काय आजारी माणसावानी खायलास?" त्यात आमच्याकडची भाजी भाकरीच्या हिशेबानं तिखट-मिठाची असते. नुसती खाल्ली की जीभ भाजते. पहिले चार दिवस मी दोन घास भाजी खाऊन भाकरीकडे वळायचो आणि स्वतःला सांगायचो, की झालं की आधी भाजी.

लग्नाची पंगत आठवून बघा, तिथं तर सगळं उलटंच. पानावर पहिला येतो वरणभात, वर तूप, लिंबाची फोड. तो संपवला की मग पोळी-भाजी. पोट पूर्ण रिकामं असताना पहिला घास पांढऱ्या भाताचा. साखर वर चढवायची असेल तर याच्याहून चांगला क्रम सांगता येणार नाही.

क्रमानं फरक का पडावा, हे मी मॅडमना दुसऱ्या वेळी विचारलं. त्यांनी समजावलं ते असं. भाकरीतलं पीठ तोंडापासूनच साखरेत बदलायला लागतं, पण रक्तात जातं ते लहान आतड्यातून. म्हणजे पोटाची पिशवी किती वेगानं खाली रिकामी होते, त्यावर साखरेचा चढ ठरतो. आधी भाजीतला चोथा आणि उसळीतली प्रथिनं खाली गेली की आतड्यातून काही संप्रेरकं सुटतात. त्यातलं जीएलपी-१ नाव हल्ली वजनाच्या इंजेक्शनांमुळे सगळ्यांना माहीत झालंय. ती पोटाला सांगतात, सावकाश सोड. शिवाय स्वादुपिंडाला आधीच वर्दी जाते, त्यामुळे भाकरी पोचते तेव्हा इन्सुलिन तयारीत असतं. भेंडीचा, जवसाचा, मेथीदाण्यांचा जो बुळबुळीत चोथा असतो तो वेगळं काम करतो. पाण्यात फुगून तो आतड्यात लापशीसारखा होतो आणि साखरेला भिंतीपर्यंत पोचायला वेळ लावतो.

यावर अभ्यासही झालेत. न्यूयॉर्कच्या वेल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात २०१५ साली अल्पना शुक्ला आणि सहकाऱ्यांनी टाइप २ मधुमेहाच्या ११ जणांना एकच जेवण दोन क्रमांनी दिलं. एकदा पाव आणि संत्र्याचा रस आधी, पंधरा मिनिटांनी चिकन आणि भाज्या. दुसऱ्यांदा उलट. भाज्या-चिकन आधी होतं तेव्हा तासाभरानंतरची साखर ३७ टक्के कमी होती. अकराच माणसं, आणि जेवण पाव-चिकनचं. माझ्या ताटात मटकी आणि भाकरी. म्हणून ठरवलं, स्वतःवरच मोजून बघायचं. आकडे जुळेपर्यंत झोप न येणं हा धंद्याचा दोष.

ग्लुकोमीटर घेतला, पन्नास पट्ट्यांचा डबा घेतला. आता जेवण ठरवायचं. रोज वेगळं खाऊन तुलना होत नाही. म्हणून रात्रीचं जेवण बांधून टाकलं. ज्वारीच्या दोन भाकरी, एक वाटी मटकीची उसळ, एक वाटी मेथीची भाजी, एक काकडी, भात नाही. बायकोला सांगितलं की भाकरीचं पीठ एकदा काट्यावर घाल. तिनं नेहमीच्या सवयीनं पीठ घेतलं आणि काट्यावर एका भाकरीला ७० ग्रॅम आलं. म्हणजे दोन भाकरींना १४०. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण ६८ ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे माझ्या ताटात ९५ ग्रॅम. इथं मला पहिला धक्का बसला. आम्ही मालदांडीवर वाढलेली माणसं, मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून छाती फुगवणारी. ज्वारी खाणाऱ्याला कसली साखर, असं आमच्या घरात सगळे म्हणायचे. प्रत्यक्षात गव्हाच्या कणकेत आणि ज्वारीत कर्बोदकं आणि चोथा जवळपास सारखेच असतात. दोन पोळ्या आणि दोन भाकरी यांत फरक पडतो तो मुख्यतः पिठाच्या वजनाचा, आणि आमची भाकरी पोळीच्या दुप्पट असते.

प्रयोग तीन प्रकारचा. पहिला, नेहमीसारखं सगळं कालवून जेवायचं. दुसरा, काकडी, भाजी आणि उसळ आधी संपवायची, दहा मिनिटं थांबायचं, मग भाकरी. भाकरीला लावायला दोन चमचे उसळ आणि चटणी मागं ठेवायची. तिसरा, दुसऱ्यासारखंच जेवून उठल्या उठल्या पंधरा मिनिटं चालायचं. प्रत्येक प्रकार तीनदा, कारण एकाच आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. घरच्या यंत्राचा नियमच असा आहे की शंभराच्या वरच्या आकड्यात पंधरा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे चालतं. प्रयोगशाळेत १५० असेल तर माझं यंत्र १३० दाखवो की १७०, ते बिघडलेलं नाही. मग आजचे १५८ आणि उद्याचे १४७ यावरून आनंद मानण्यात अर्थ नाही. तीन-तीन दिवसांची सरासरी काढली तर काहीतरी बोलता येतं.

सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तीन आठवडे मटकी आणि मेथी. दुसऱ्या आठवड्यात बायको म्हणाली, "अहो, पोरीनं मटकीकडं बघायचं सोडलंय. तुमचं रक्त तुम्ही काढा, आम्हाला दुसरी भाजी करू द्या." मग माझं वेगळं पातेलं सुरू झालं.

आकड्यांच्या आधी दोन चुका सांगतो, कारण कोणी घरी मोजणार असेल तर याच होतील.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी जेवणाआधीचं मोजलं तर २४३. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. बायको पाणी घेऊन आली. दोन मिनिटं तसाच बसलो आणि मग बोटाकडे लक्ष गेलं. नखाच्या कडेला लाल डाग. अर्ध्या तासापूर्वी मी पोरीसाठी डाळिंब सोलून दाणे काढले होते. साबणानं हात धुतले, पुसून कोरडे केले, दुसऱ्या बोटातून थेंब काढला. १०९. फळाचा रस बोटावर वाळला तरी त्यातली साखर रक्ताच्या थेंबात मिसळते आणि यंत्राला ती रक्तातलीच वाटते. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून ती नीट जात नाही, नळाखाली हात धुवावे लागतात. तेव्हापासून नियम केला, की अनपेक्षित आकडा आला तर आधी हात धुवायचे, मग घाबरायचं.

दुसरी चूक महागात पडली. पट्ट्यांचा डबा ऑफिसला नेताना स्कूटरच्या डिकीत ठेवायचो. डब्यावर लिहिलेलं असतं की तीस अंशांच्या आत ठेवा. एप्रिल-मेमधल्या सोलापुरात, बेचाळीस-त्रेचाळीस अंशात, उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत काय होत असेल ते तुम्हीच समजा. दोन आठवडे गेल्यावर एकाच थेंबातून दोन पट्ट्यांवर दोन आकडे यायला लागले, १३१ आणि १६४. अठरा पट्ट्या टाकून द्याव्या लागल्या आणि त्या आठवड्याचे आकडे वहीत आडवी रेघ मारून रद्द केले. तेवढा एक आठवडा पुन्हा केला.

आता आकडे. घास सुरू केल्यापासून वेळ मोजत होतो. नेहमीसारखं जेवलो तेव्हा एका तासाला सरासरी १८८, दीड तासाला १७०, दोन तासांना १४९. आधी भाजी खाऊन जेवलो तेव्हा एका तासाला १४३. पंचेचाळीसचा फरक! पहिल्या दिवशी हा आकडा बघून मी वही मिटलीच होती, कारण तेव्हा मी तासालाच एकदा मोजत होतो. मग ऑफिसातल्या हिशेबासारखं डोकं चाललं. आधी भाजी, मग दहा मिनिटं थांबणं, म्हणजे भाकरीचा पहिला घासच वीस मिनिटं उशिरा गेलाय. मग साखरेचा वरचा टप्पाही उशिराच येणार, आणि मी तो यायच्या आत मोजून मोकळा होतोय. दुसऱ्या दिवसापासून दीड तासाचीही पट्टी लावली. तिथं आलं १५७. दोन तासांना १४८, म्हणजे नेहमीच्या जेवणाएवढंच. खरा फरक हा की वरचा टोकाचा आकडा १८८ वरून १५७ वर आला. तीस-एकतीसचा, पंचेचाळीसचा नव्हे. आणि साखर कुठं नाहीशी झाली नव्हती. डोंगराची टेकडी झाली आणि ती थोडी पुढं सरकली, इतकंच. तेही काही कमी नाही. पण जो माणूस तासालाच एक पट्टी लावून "क्रम बदलला, साखर पळाली" म्हणतो, त्याला मी आता विचारतो, दीड तासाला किती होती?

तिसरा प्रकार, चालण्याचा. तासाला १३८, दीड तासाला १३६, दोन तासांना १३४. टेकडीही जवळजवळ सपाट. हे बघून मी जरा गप्पच झालो, कारण चालण्याला मी सगळ्यात कमी मान दिला होता.

चालण्याचं तसं आपल्याकडे नावच आहे, शतपावली. आईला ते माहीत होतं, मला माहीत होतं, कोणी करत मात्र नव्हतं. शंभर पावलं म्हणजे जेमतेम एक मिनिट. मी पंधरा मिनिटांत साधारण पंधराशे टाकतो. त्यामागचं कारण मला सगळ्यात जास्त पटलं. बसलेल्या माणसाच्या पायातला स्नायू रक्तातली साखर घ्यायला इन्सुलिनची वाट बघतो, आणि माझ्यासारख्याच्या शरीरात इन्सुलिनचं म्हणणं स्नायू नीट ऐकत नाही. तोच स्नायू आकुंचन पावायला लागला की पेशीतली साखरेची दारं इन्सुलिनशिवायही उघडतात. जी चावी बिघडली आहे तिच्यावाचूनच काम होतं. पण दार उघडं राहतं ते मुख्यतः चालत असताना आणि त्यानंतर थोडा वेळ. म्हणून वेळ महत्त्वाची. सकाळी तलावाला फेऱ्या मारणारे पुष्कळ आहेत, चांगलंच आहे, पण रात्रीच्या भाकरीची साखर रक्तात येते तेव्हा ते सोफ्यावर असतात. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात २०१३ साली साठीच्या पुढच्या, बैठ्या सवयीच्या १० जणांवर हेच बघितलं होतं. एकदा सकाळी सलग ४५ मिनिटं, एकदा दुपारी ४५, आणि एकदा प्रत्येक जेवणानंतर पंधरा-पंधरा. रात्रीच्या जेवणानंतरच्या तीन तासांची साखर फक्त शेवटच्या प्रकारात लक्षणीय उतरली.

मी आधी जेवल्यावर तासभर थांबून जायचो, कारण लहानपणापासून ऐकलेलं की जेवल्यावर लगेच चालू नये. तासाभरानं गेलो की आकडा उतरायचा, पण वरचा टप्पा तोवर येऊन गेलेला असायचा. आता हात धुतो आणि चपला घालतो. वेग साधा, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही असा. पोट दुखेल एवढं धावायचं नाही.

दुपारचं कसं करायचं हा प्रश्न होता. मेमध्ये नवी पेठेत दुपारी दोनला बाहेर चालायला गेलो तर साखरेच्या आधी मीच उतरेन. आमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. तिथल्या बोळातून टोकापर्यंत ४१ पावलं होतात, हे आता मला पाठ आहे. डबा खाऊन झाला की त्या बोळात फेऱ्या. पहिल्या आठवड्यात शेजारच्या दुकानातला मित्र रोज विचारायचा, "काय बे, बायको कुठं गेली का सोडून?" आता तो पण येतो, पोट त्याचंही आहे. मार्च एंडला मात्र पंधरा मिनिटंही निघत नाहीत. तेव्हा दर अर्ध्या तासाला उठून दोन-तीन मिनिटं बोळात जाऊन यायचो. यानंही जेवणानंतरची साखर थोडी कमी राहते. सलग बसण्यापेक्षा बरं, पंधरा मिनिटांइतकं नाही.

जे इन्सुलिन किंवा साखर खाली ओढणाऱ्या काही गोळ्या घेतात, त्यांनी हे डॉक्टरांना सांगून करावं. चालण्यानं त्यांची साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. मला गोळी नव्हती म्हणून ती भीती नव्हती.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. आधी भाजी म्हटल्यावर मी भाजी वाढवली. ती नुसती खाता यावी म्हणून बायकोनं तिखट कमी केलं आणि चवीसाठी शेंगदाण्याचा कूट वाढवला, तेलाची धार वाढवली. वर पूर्वीइतक्याच दोन भाकरी. साखरेचे आकडे छान येत होते आणि मी खूश होतो. दीड महिन्यानं वजन केलं तर ७९.२. सव्वा किलो वाढलेलं! तेल आणि शेंगदाणे साखर जवळजवळ वाढवत नाहीत, म्हणून यंत्राला ते दिसतच नाहीत. मॅडमनी वही बघितली, आकड्यांचं कौतुक केलं आणि मग वजनाच्या ओळीवर बोट ठेवलं. "तुम्ही साखरेची टेकडी सपाट केलीत, पण मधुमेह लांबवायचं मुख्य काम हे करतं," म्हणाल्या. पोटावरची चरबी उतरली की स्नायू आणि यकृत इन्सुलिनचं ऐकायला लागतात. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, २००२ सालच्या, सात टक्के वजन उतरवण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्याचं उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं होतं. जेवणाच्या क्रमाबद्दल एवढा लांबवरचा पुरावा कोणाकडे नाही. क्रम हा वजनाच्या जागी नाही, सोबतीला.

तेव्हापासून भाजी वाटीभरच, पण तिची तेलाची धार मोजून दोन चमचे. शेंगाचटणी अर्धा चमचा, आणि सोलापूरकराला हे लिहिताना काय वाटतं ते सोलापूरकरालाच कळेल. आधी भाजी-उसळ खाऊन दहा मिनिटं थांबलं की दुसरी भाकरी संपवायची इच्छा आपोआप अर्धी होते, हा क्रमाचा खरा फायदा मला तिथं सापडला. दोनाच्या दीड झाल्या. पिठाचं वजन १४० वरून १०५ वर. माझ्या मते साखरेच्या टेकडीपेक्षाही ही अर्धी भाकरी जास्त कामाला आली.

चोथ्याबद्दल एक इशारा. उत्साहात मी एकाच आठवड्यात कच्ची काकडी-मुळा, उसळ, जवसाची चटणी आणि रात्री इसबगोल असं सगळं सुरू केलं. तीन दिवस पोट ढोलासारखं. ऑफिसात पक्षकारासमोर बसणं मुश्कील. आतड्यातल्या जिवाणूंना सवय नसली की ते एवढा चोथा बघून गॅसचा कारखाना काढतात. सगळं थांबवून एक-एक वस्तू आठवड्याच्या अंतरानं वाढवली तेव्हा जमलं. इसबगोल पुरेशा पाण्याशिवाय घेऊच नये, घशात फुगून अडकू शकतं.

न्याहारीला मात्र हा सगळा क्रम कोलमडतो. पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी ही एकाच ताटलीतली मिसळलेली वस्तू. त्यात आधी काय आणि नंतर काय? पोह्यांतले कांदे वेचून आधी खाणार का? पोह्यांवर माझा आकडा तासाला १९०च्या पुढं गेला. मग पोह्यांच्या आधी वाटीभर मोड आलेले मूग, लिंबू पिळून, आणि पोहे निम्मे. तेव्हा १५५च्या आसपास राहायला लागलं. निम्मे पोहे हेही त्यातलं कारण आहे, सगळं श्रेय मुगाला देत नाही. आषाढी एकादशीला मात्र इलाज चालला नाही. आमच्या जिल्ह्यातच पंढरपूर, त्या दिवशी घरात दुसरं काही शिजत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च, चोथा नावालाही नाही. बशीभर खिचडी, तासाला २११. रात्री भगर आणि शेंगदाण्याची आमटी होती, तेव्हा आमटी आधी घेतली आणि गल्लीत वीस मिनिटं फिरलो. दीड तासाला १६२.

पहिल्या रिपोर्टनंतर साडेतीन महिन्यांनी, जूनमध्ये, एचबीए१सी ५.९ आलं. ऑक्टोबरात ५.८. वजन ७४.१. हा आकडा साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतो, त्यामुळे महिन्याभरात पुन्हा करून काही हाती लागत नाही. आणि तो सगळ्यांचा सारखा खरा नसतो. बायकोचा हौसेनं केला तर ५.९ आलं आणि ती घाबरली. तिचं लोह बरंच कमी निघालं. लोहाच्या कमतरतेत हा आकडा खोटा वर जाऊ शकतो, म्हणून मॅडमनी तिला आधी लोहाच्या गोळ्या दिल्यात आणि तीन महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाल्या.

उपाशीपोटीची साखर मात्र हटवादी निघाली. ११२ होती ती १०८ झाली, आणि घरच्या यंत्राच्या मापानं हा फरकच नाही. सकाळची साखर रात्रीच्या भाकरीतून येत नाही. पहाटे यकृत स्वतःच्या साठ्यातून ती सोडतं. तिथं ताटातला क्रम पोचत नाही. मॅडम म्हणतात अजून तीन-चार किलो उतरवा, रात्रीचं जेवण थोडं लवकर करा, मग बघू. साडेआठला ऑफिस सुटणाऱ्या माणसानं रात्रीचं लवकर जेवायचं म्हणजे डबाच दोन न्यायचे. सध्या त्यावर घरात बोलणी चालू आहेत.

रात्री आई पण माझ्याबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत येते. पहिल्या दिवशी दिव्याच्या खांबापाशी थांबून म्हणाली, "झाली की रं शंभर पावलं." मी सांगितलं, अजून चौदाशे आहेत. ती तिथंच ओट्यावर बसते, मी परत येईपर्यंत शेजारणीला सांगत असते की पोराला डॉक्टरनं भाजी आधी खायला लावलीय, भाकरी मागनं.

डब्यात अकरा पट्ट्या उरल्यात आणि आता घरातच, थंड कपाटात ठेवल्यात. त्या मी हुरड्यासाठी राखून ठेवल्यात. डिसेंबरात मेहुण्याच्या शेतावर आगटीजवळ बसलं की कोवळी गोड ज्वारी, दही, शेंगाचटणी आणि गूळ. किती खाल्ली याचा हिशेब तिथं कोणी ठेवत नाही. कोवळ्या दाण्यात पाणी आणि साखर जास्त, स्टार्च अजून पुरता भरलेला नसतो. माझा अंदाज आहे की भाकरीपेक्षा आकडा लवकर चढेल आणि लवकर उतरेल. दर वीस मिनिटांना मोजायचं ठरवलंय. मेहुणा म्हणतो, यंत्र आणलंस तर आगटीत टाकीन.